पाय मुरगळला तर: दाबून बघायच्या पाच जागा आणि चार पावलं

रामनवमी जवळ आली की धुळे, जळगाव, नंदुरबारकडून सप्तशृंगी गडाच्या दिशेने पायी निघालेल्यांची रांग लागते. ऊन टाळायचं म्हणून चालणं पहाटे आणि रात्री. अंधार असतो, समोरून ट्रकचे दिवे डोळ्यांवर येतात, गाडीला वाट द्यायला माणूस डाव्या अंगाला सरकतो आणि डांबराच्या कडेला चार बोटं खाली गेलेली साइडपट्टी त्याला दिसतच नाही. पाऊल अर्धं डांबरावर, अर्धं मुरमात. तळवा आत वळतो आणि सगळं वजन बाहेरच्या घोट्यावर येतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. काही वर्षं धुळ्याच्या पुढे, मालेगावच्या वाटेवर एका सेवा मंडपात चैत्रात बसतो. फोड आलेले पाय सगळ्यांत जास्त येतात आणि त्याखालोखाल मुरगळलेले. प्रत्येक जथ्यात एक जण न नेमलेला डॉक्टर असतोच. पिशवीत क्रेप बँडेज, मलम, दोन-चार गोळ्या असतात आणि काय झालं की सगळे त्याच्याकडे बघतात. हे लिहिलंय ते त्याच्यासाठी. कापसाच्या शेतात काळ्या जमिनीच्या भेगेत पाय गेला, पाणंदीत घसरला, बांधावरून उतरताना वळला, तरी पद्धत हीच.

एक बाई सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. शिरपूर तालुक्यातल्या एक मावशी, वय पन्नाशीच्या अलीकडे. पहाटे चारच्या सुमाराला साइडपट्टीवरून पाय गेला. सोबतच्या दोघींनी हात धरून अर्धा किलोमीटर चालवत मंडपात आणलं. आल्या आल्या मावशी म्हणाल्या, "काही नई व्हयनं भाऊ, पाय मुरगयना फक्त. मलम लाव नि पट्टी बांध."

आधी रस्त्यावरून बाजूला, मग जोडवी

पडलेल्या माणसाला पहिल्यांदा रस्त्यापासून लांब बसवा. पाय तपासायला उजेड लागतो म्हणून लोक तिथेच कडेला मोबाइलची बॅटरी लावून वाकतात. मागून येणाऱ्या गाडीला ते वाकलेले लोक दिसत नाहीत.

बसवल्यावर नुसतं बघा, हात लावायची घाई नको. पाऊल भलतीकडे वळलेलं आहे का? हाड कातडीला आतून टोचून कातडी पांढरी पडली आहे का? जखमेतून रक्त येतंय आणि जखम मोडल्यासारख्या जागेवरच आहे का? बोटं दुसऱ्या पायापेक्षा थंड, पांढरट किंवा बधिर आहेत का? यांतलं एक जरी दिसलं, तर या लेखातलं पुढचं काही करायचं नाही. पाय ओढून सरळ करू नका. जखमेवर स्वच्छ कापड ठेवा. पुठ्ठ्याचं खोकं फाडून किंवा गोधडीची घडी करून पायाच्या दोन्ही बाजूंना आणि खालून आधार द्या, बोटं उघडी ठेवून बांधा, काही खायला देऊ नका आणि १०८ ला फोन करा.

मावशींचं पाऊल जागेवर होतं आणि बोटं गरम होती. मग चप्पल काढली. त्यानंतर जे काढायला हवं ते बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे पैंजण आणि जोडवी. घोटा सुजला की सूज तासा-दोन तासांत पुढे बोटांपर्यंत उतरते आणि जोडवं बोटात रुततं. मग ते साबण लावून निघत नाही, सोनाराकडे नेऊन कापावं लागतं. मावशी जोडवी काढायला तयार नव्हत्या, देवीच्या वाटेवर तर नाहीच. सोबतच्या वयस्क बाईंनी तोडगा काढला: त्या पायातली जोडवी काढून पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली आणि दुसऱ्या पायातली राहू दिली. हा तोडगा मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो.

पाच जागा

सुजेवरून हाड मोडलं की नाही हे कळत नाही. हे मुद्दाम आधी सांगतो, कारण जथ्यातला निवाडा बहुतेक वेळा सुजेवरच होतो. नुसती लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारी पट्टी, ताणली तरी अर्ध्या तासात अंड्याएवढा फुगा येऊ शकतो आणि हाडाला तडा जाऊनही सूज बेताची असू शकते. "कट्‌ आवाज आला" हेही तसंच. लिगामेंट तुटतानाही आवाज येतो.

कुठे दाबलं की दुखतं आणि चार पावलं टाकता येतात का, या दोन गोष्टींवरून पुष्कळ कळतं. कॅनडातल्या ऑटावा शहरात डॉ. इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये यावरून एक नियम बसवला. घोटा मुरगळून आलेल्या प्रत्येकाचा एक्स-रे काढला जायचा आणि बहुतेकांत काहीच निघायचं नाही, म्हणून कुणाचा काढायचा नाही हे ठरवण्यासाठी तो नियम होता. पुढे अनेक देशांत तो तपासला गेला. त्याच्या जाळ्यातून मोडलेलं हाड क्वचितच निसटतं. उलट बाजूही लक्षात ठेवा: नियमाने एक्स-रेला पाठवलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं हाड शाबूत निघतं. नियम सांगतो की एक्स-रे काढा. हाड मोडलंच आहे, असं तो सांगत नाही.

माणसाला पाय लांब करून बसवा. आधी चांगल्या पायावर दाबून दाखवा, म्हणजे किती जोर लागणार ते त्याला कळतं. दाबायचं एका बोटाच्या टोकाने, हाडावर, नखाचा रंग थोडा पांढरा होईल इतक्या जोराने. पंजाने चाचपून काही कळत नाही.

पहिली जागा बाहेरच्या घोट्याची मागची कड. घोट्याचं टेंगूळ सापडलं की बोट टाचेच्या बाजूला सरकवा, तिथे हाडाची कड लागते. घोट्याच्या टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे तीन बोटं आडवी ठेवल्यावर जेवढी जागा भरते त्याहून किंचित जास्त, ती कड थोडी थोडी दाबत जा. घोट्याचं खालचं टोकही दाबा. दुसरी जागा आतल्या घोट्याची, तशीच: मागची कड आणि टोक.

मागची कडच का? मुरगळताना सगळ्यांत आधी ताणली जाते ती बाहेरच्या घोट्याच्या पुढून पावलाकडे जाणारी लिगामेंट. त्यामुळे घोट्याच्या पुढच्या आणि खालच्या खोलगट जागेत जवळपास प्रत्येक मुरगळलेल्या पायाला दुखतंच. तिथे दाबून माणूस ओरडला म्हणून हाड मोडलं असं ठरवाल, तर सगळ्यांनाच धुळ्याला पाठवावं लागेल. मागच्या कडेला ती लिगामेंट नसते. तिथे हाडावर नेमकं दुखलं, तर दुखतंय ते हाड असण्याची शक्यता वाढते.

तिसरी जागा पावलाच्या बाहेरच्या कडेला. टाच आणि करंगळी यांच्या साधारण मधोमध एक उंचवटा हाताला लागतो. करंगळीच्या मागून येणाऱ्या लांब हाडाचं ते मागचं टोक. पोटरीच्या बाहेरच्या बाजूने येणारा एक स्नायू तिथे बांधलेला असतो. पाऊल आत वळलं की तो पाऊल सावरायला जोरात आखडतो आणि कधी हाडाचा तुकडाच ओढून काढतो. चौथी जागा पावलाच्या आतल्या बाजूला: आतल्या घोट्याच्या थोडं पुढे आणि खाली, तळव्याच्या कमानीच्या वरच्या भागात येणारा उंचवटा.

पाचवी जागा त्या मूळ नियमात नाही, पण मी ती सोडत नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली एक गोल हाड लागतं. घोट्याच्या बाहेरचं हाड तिथपर्यंत वर गेलेलं असतं. पाऊल बाहेर पिळलं गेलं असेल, तर खाली लिगामेंट फाटून मोड वर गुडघ्याजवळ निघू शकते. माणूस घोटा धरून बसलेला असतो आणि वर कुणी बघत नाही.

मावशींचं असं निघालं. बाहेरच्या घोट्याच्या पुढे दुखत होतं, ते अपेक्षितच होतं. मागच्या कडेला वरपर्यंत काही नाही. आतला घोटा साफ, गुडघ्याजवळ काही नाही. तिसऱ्या जागेवर बोट टेकलं आणि "माय वं!" करून त्यांनी पायच ओढून घेतला. दुसऱ्यांदा, त्यांचं लक्ष बोलण्यात गुंतवून, पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

चार पावलं

दाबून झालं की उभं करा. दोन्ही बाजूंना माणूस असू दे, पण हात धरायचा नाही, पडायला लागला तर सावरायचं. चार पावलं टाकायला सांगा, दोन या पायावर आणि दोन त्या. लंगडत टाकली तरी चालतात. दुखलं तरी चालतं. वजन एका पायावरून दुसऱ्यावर गेलं की पाऊल मोजायचं. बोटं टेकवून उडी मारली तर नाही.

प्रश्न दोनदा विचारायचा असतो: मुरगळल्यावर लगेच टाकता आली होती का, आणि आता येतात का. दोन्ही वेळा येत नसतील, तर दाबून कुठेही दुखलं नाही तरी एक्स-रे काढायचा.

मावशींनी लंगडत चार काय, सहा पावलं टाकली आणि माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. "चालता येस ना माले, मंग मोडनं कसं?" गावोगावी हाच समज आहे, की मोडलं असतं तर चालता आलं नसतं. ते खरं नाही. नियमात दोन अटी 'किंवा' ने जोडलेल्या आहेत: हाडावर दुखणं किंवा चार पावलं न येणं. एक जरी लागू झाली तरी पुरे.

म्हणून मावशींना सकाळी धुळ्याला पाठवलं. पाऊल जागेवर होतं, बोटं गरम होती, त्यामुळे पहाटे चारला धावपळ करायची गरज नव्हती. अशा पायाचा एक्स-रे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी काढला तरी चालतो, मधल्या वेळात आधार बांधून पाय वर ठेवायचा. चिठ्ठीवर मात्र नेमकं लिहिलं: 'पावलाचा एक्स-रे, करंगळीच्या हाडाच्या मागच्या टोकाला दुखतंय.' घोट्याचा आणि पावलाचा एक्स-रे वेगवेगळा निघतो. नुसतं "पाय मुरगळला" म्हटलं की घोट्याचा निघतो आणि त्यात पावलाचं हाड नीट येईलच असं नाही. तिथे गेल्यावर बोटाने जागा दाखवा.

प्राथमिक आरोग्य केंद्रात एक्स-रे सहसा मिळत नाही. तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठावं लागतं आणि मशीन असलं तरी तंत्रज्ञ कोणत्या वेळी असतो हे फोन करून विचारलेलं बरं.

नियम कुणाला लावायचा नाही

ही तपासणी माणसाला दुखणं कळतं या गृहीतकावर उभी आहे. जुना मधुमेह असलेल्या, तळपायाला मुंग्या किंवा बधिरपणा असलेल्या माणसाला हाड मोडूनही फारसं दुखत नाही. आपल्याकडे साठीच्या पुढे असे पाय पुष्कळ आहेत. त्यांचा पाय सुजला, गरम लागला, तर कमी दुखतंय या बोलण्यावर जाऊ नका, एक्स-रे काढा. प्यायलेल्या माणसाचंही तेच. दुसरीकडे मोठी जखम असेल, तर माणसाचं लक्ष तिकडे असतं. सूज इतकी असेल की हाडच हाताला लागत नाही, तरी नियम चालत नाही. गरोदर बाईला डॉक्टरांकडेच न्या. लहान मुलांत वाढीचं टोक लिगामेंटपेक्षा नाजूक असतं, म्हणून मूल लंगडत असेल तर डॉक्टरला दाखवा. "लहान आहे, उद्या पळेल" हे ऐकून आठवडा घालवलेली मुलं मी पाहिली आहेत.

पहिले तीन दिवस

हाड शाबूत असेल, किंवा एक्स-रे होईपर्यंतचा वेळ असेल, तर पुढचं लागू.

बर्फ. वाटेत फ्रीज नसतो, पण पेप्सीवाला असतो. त्या लांब प्लास्टिकच्या पिशवीत गोठवलेल्या पेप्सीच्या चार-पाच कांड्या पातळ ओल्या रुमालात गुंडाळल्या की घोट्याला उत्तम बसतात. पंधरा मिनिटं ठेवा, मग काढा, मग दोन-तीन तासांनी पुन्हा, जागे असेपर्यंत. कापडाशिवाय बर्फ लावू नका, कातडी जळल्यासारखी होते. बर्फच नसेल, तर माठातल्या पाण्यात भिजवलेलं फडकं दर काही मिनिटांनी बदला. बर्फाने दुखणं कमी होतं एवढं नक्की. त्याने लिगामेंट लवकर जुळते असं कुणी सांगितलं, तर मान डोलावू नका. मधुमेहाच्या बधिर पायाला बर्फ नको.

बँडेज. चार इंची क्रेप घ्या. पाय काटकोनात धरायला सांगा, बोटं वर, गुडघ्याकडे. सुरुवात बोटांच्या मुळापासून. पावलावर दोन वेढे, मग पावलावरून घोट्यामागे आणि घोट्यामागून परत पावलावर असे इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे, प्रत्येक वेढा आधीच्याचा अर्धा भाग झाकेल असा. टाच उघडी सोडू नका, नाहीतर सूज तिथून बाहेर पडते. पोटरीच्या अर्ध्यापर्यंत न्या. ताण खाली जास्त, वर कमी. बांधून झालं की अंगठ्याचं नख दाबून सोडा. पांढरं झालेलं नख 'एक, दोन' म्हणेपर्यंत परत गुलाबी झालं पाहिजे. झालं नाही, बोटं निळसर दिसली किंवा मुंग्या आल्या, तर लगेच सोडून सैल बांधा. झोपताना काढून ठेवा.

पाय वर ठेवणं सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कमी केलं जाणारं काम. खुर्चीवर बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवला म्हणजे वर झाला नाही. पाय छातीपेक्षा उंच हवा, म्हणून झोपावं लागतं. घरी खाटेच्या पायथ्याच्या दोन पायांखाली दोन-दोन विटा ठेवा, रात्रभर काम होतं.

गोळी. मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या, सहा तासांच्या अंतराने, चोवीस तासांत सहापेक्षा जास्त नाही. यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू असेल, तर डॉक्टरला विचारून. पदयात्रेत डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या वाटल्या जातात, त्याला माझा विरोध आहे. चैत्राच्या उन्हात पाणी कमी पडलेल्या माणसाच्या मूत्रपिंडाला त्या जड जातात आणि उपाशी पोटी घेतल्या तर पोटालाही.

आता न करायचं. पहिले तीन दिवस शेक नको, गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवणं नको, चोळणं तर नकोच. हळद-चुन्याचा लेप घरोघरी लावतात. हळदीबद्दल माझं भांडण नाही, पण चुना जास्त झाला की कातडी भाजते आणि मग सुजलेल्या घोट्यावर फोड सांभाळत बसावं लागतं. "नस चढली, एक झटका दिला की बसते" असं म्हणून पाय ओढून देणारे वाटेत भेटतात. चढलेली नस असा प्रकार मुरगळण्यात नसतो आणि तडा गेलेल्या हाडाला दिलेला झटका हाड सरकवतो. मी स्वतः कॉलेजात असताना व्हॉलीबॉल खेळताना मुरगळलेला घोटा असाच ओढून आणि रगडून घेतला होता. हाड शाबूत होतं, तरी पंधरा दिवसांचं दुखणं दीड महिन्यावर गेलं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाऊल जांभळं-हिरवं पडतं आणि तो रंग बोटांकडे उतरतो. घरचे घाबरतात. आतलं साकळलेलं रक्त खाली ओघळतंय एवढाच त्याचा अर्थ.

वजन कधी टाकायचं

"पंधरा दिवस पाय टेकवू नको" हा सल्ला हाड शाबूत असलेल्या घोट्याला लागू नाही. पहिल्या दोन दिवसांनंतर दुखणं सोसेल तितकं वजन टाकत चालायला लागलेला माणूस लवकर बरा होतो. नुसतं अंथरुणावर पडून राहिलं, तर घोटा आखडतो आणि पोटरी सुकते.

सोसेल म्हणजे किती? दहापैकी तीन-चार इतकं दुखणं चालतं. त्याहून जास्त असेल किंवा चालून आल्यावर रात्री सूज वाढलेली दिसली, तर दुसऱ्या दिवशी अंतर अर्ध्यावर आणा.

काठी चांगल्या पायाच्या हातात धरायची. जवळपास प्रत्येक जण ती दुखऱ्या बाजूला धरतो आणि मग पूर्ण अंग त्या बाजूला झुकतं. उजवा घोटा दुखत असेल, तर काठी डाव्या हातात, आणि काठी व उजवा पाय एकदम पुढे. काठीची उंची बघायला सरळ उभं राहून हात सोडा, काठीचं टोक मनगटाच्या रेषेला यावं. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. चालताना टाच आधी टेकवा. चवड्यावर चालायची सवय आठवडाभरात लागते आणि सुटायला महिना लागतो.

आपल्याकडची एक अडचण परदेशी माहितीपत्रकात नसते. शौचाला उकिडवं बसायला घोटा पूर्ण दुमडावा लागतो. पहिला आठवडा मधे भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची भांड्यावर ठेवा. मांडी घालून बसतानाही बाहेरचा घोटा जमिनीवर दाबला जातो आणि दुखावलेली लिगामेंट त्याच दिशेने ताणली जाते, म्हणून दोन-तीन आठवडे मांडी नको, पाटावर किंवा खुर्चीवर बसा. पुढे हेच उकिडवं बसणं मोजमाप म्हणून कामाला येतं: टाच जमिनीला टेकवून दोन्ही पायांवर सारखं बसता आलं की घोट्याची हालचाल परत आली.

व्यायाम दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून. पाय वर ठेवलेलाच असतो, तेव्हा अंगठ्याने हवेत 'अ आ इ ई' पासून 'ज्ञ' पर्यंत मुळाक्षरं काढा, दिवसातून तीनदा. 'ळ' काढताना दुखेल, ते चालेल. दुखणं कमी झालं की भिंतीजवळ उभं राहून एका पायावर तोल धरा. चांगल्या पायावर अर्धा मिनिट जमतं तितकंच या पायावर जमलं पाहिजे. हा तोलाचा व्यायाम लोक सोडून देतात आणि सहा महिन्यांत तोच घोटा पुन्हा मुरगळून येतात, कारण लिगामेंटबरोबर पाऊल कुठे वळतंय हे कळवणारी जाणीवही बोथट झालेली असते.

पाचव्या दिवसाच्या आसपास एकदा पुन्हा तपासून घ्या. पहिल्या दिवशी सूज आणि दुखण्यामुळे लिगामेंट किती फाटली ते नीट कळत नाही, चार-पाच दिवसांनी कळतं. त्याच पहाटे मंडपात नंदुरबारकडचा एक तरुण आला होता. घोटा लिंबाएवढा सुजलेला, एकही पाऊल टाकता येईना. तोही एक्स-रेला गेला, आणि हाड शाबूत निघालं. पाचव्या दिवशी दाखवलं तेव्हा पुढची लिगामेंट बरीच फाटलेली होती. त्याला घोट्याचा ब्रेस दिला. धावायला अडीच महिने लागले.

आणि मावशींच्या एक्स-रेत करंगळीच्या हाडाच्या मागच्या टोकाचा छोटा तुकडा निघालेला दिसला. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं नाही. कडक तळाचा बूट दिला आणि सोसेल तसं चालायला सांगितलं, पाच-सहा आठवडे. मोडलेल्या मावशी चालत होत्या आणि न मोडलेला तरुण बसून होता, याचं मंडपात सगळ्यांना नवल वाटलं. पण हेच हाड दोन बोटं पुढे, करंगळीकडे मोडलं असतं, तर गोष्ट वेगळी होती. तिथे रक्तपुरवठा कमी, हाड जुळायला वेळ लागतो, बरेचदा वजन बंद ठेवावं लागतं आणि कधी स्क्रूही लागतो. म्हणून मोड निघाली की वजन किती टाकायचं हे स्वतः ठरवू नका, मोड कुठे आहे त्यावर ते अवलंबून असतं. प्लास्टर किंवा बूट असताना पोटरी दुखून सुजली किंवा अचानक दम लागला, तर त्याच तासाला दवाखाना गाठा, शिरेत गाठ झालेली असू शकते.

मावशींनी विचारलेलं शेवटचं: "मंग गडवर कशी जाऊ?" पायी नाही, एवढंच उत्तर. नांदुरीपर्यंत आणि पुढे गडावर गाडी जाते आणि गडावरून मंदिरापर्यंत २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. त्या तशाच गेल्या.

साध्या मुरगळीचं दुखणं एक-दोन आठवड्यांत उतरतं, मध्यम मुरगळीला तीन ते सहा आठवडे लागतात. संध्याकाळी थोडी सूज त्यानंतरही काही महिने येऊ शकते. पण सहा आठवड्यांनी चालताना घोटा अडकत असेल, सपाट जागेवरही वळत असेल, किंवा खोलवर एका जागी दुखत असेल, तर पहिला एक्स-रे साफ होता म्हणून थांबू नका. सांध्यातल्या कूर्चेला लागलेला मार साध्या एक्स-रेत दिसेलच असं नाही, त्यासाठी हाडांच्या डॉक्टरकडे परत जावं लागतं.